पेठेतील खेप आणि बॅटरीचा हप्ता

गावातल्या गावात माल पोहोचविण्यासाठी विजेवरची तीनचाकी घ्यावी की पेट्रोल अथवा सीएनजीची, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील प्रत्येक मध्यम शहरातील घाऊक व्यापाऱ्यापुढे आणि त्याच्या दारात भाड्यासाठी उभ्या राहणाऱ्या टेम्पोवाल्यापुढे येऊन ठेपला आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा किलोमीटरमागे किती पैसे पडतात या एकाच मापाने दिले जाते. त्या मापाने पाहिले तर विजेच्या गाडीचा विजय इतका उघड आहे की वादाला जागाच उरू नये. असे असूनही व्यवहारात चोख असलेली, पैशापैशाचा जमाखर्च ठेवणारी माणसे अजून सीएनजीच्या गाड्या घेत आहेत, आणि त्यांना अज्ञानी किंवा जुनाट समजणे हे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या संकोचाच्या मुळाशी एक खरी आणि हिशेबी गोष्ट आहे. पेट्रोलचा खर्च हा काम मिळेल त्या दिवशी आणि काम असेल तेवढाच करावा लागतो. विजेच्या गाडीत मात्र पुढील पाच वर्षांच्या इंधनाचा मोठा भाग बॅटरीच्या रूपाने पहिल्याच दिवशी, बहुधा कर्ज काढून, विकत घ्यावा लागतो. तेव्हा या दोन गाड्यांतील मुख्य भेद यंत्राचा नसून जोखमीचा आहे, आणि ती जोखीम कोणाच्या शिरावर पडते हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा करता येणार नाही.

विचाराला आधार म्हणून सांगलीचे उदाहरण घेऊ. येथील गणपती पेठ ही किराणा मालाची जुनी घाऊक बाजारपेठ. तेथून निघालेला तांदूळ, साखर, डाळी आणि तेलाचे डबे विश्रामबाग, मिरज, कुपवाड आणि माधवनगर येथील किरकोळ दुकानांत जातात. असे धरून चालू की एका मध्यम पेढीच्या रोज तीन खेपा होतात: पहिली विश्रामबागेवरून मिरजेपर्यंत जाऊन परत येणारी, दुसरी कुपवाडची, तिसरी माधवनगरची. गल्लीबोळांतील वळसे धरून तिन्ही मिळून अंतर ५६ किलोमीटर भरते. प्रत्येक खेपेस सुमारे ४५० किलो माल चढतो आणि आठ-दहा दुकानांवर थोडाथोडा उतरतो. या कामात गाडी जितका वेळ धावते त्याहून अधिक वेळ ती उभी असते, कारण हमालाने पोती उतरवायची, दुकानदाराने नग मोजायचे, मागील बाकी मागायची आणि नव्या मालाची यादी घ्यायची, हे सारे गाडी दारात असतानाच होते.

हे थांबणे आणि पुन्हा निघणे इंजिनाच्या गाडीला फार महाग पडते. कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला पल्ला ठरावीक चाचणीच्या चालीवर काढलेला असतो. पेठेत मात्र अर्धा क्लच दाबून पहिल्या गिअरवर सरकत राहावे लागते, पाच पावलांवर हातगाडी आडवी येते, आणि जड ओझ्यासह शून्यापासून पुनःपुन्हा उठण्यात इंधन आणि क्लचप्लेट दोन्ही झिजतात. विजेच्या मोटरचा स्वभाव याच्या उलट आहे. उभी असताना ती जवळजवळ काही खात नाही, निघताना तिचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून उपलब्ध असतो, आणि वेग कमी करताना गतीतील थोडी ऊर्जा बॅटरीत परतही येते. ज्या चालीने इंजिनाचा पल्ला तिसऱ्या हिश्शाने घटतो त्याच चालीत मोटर आपले सामर्थ्य राखून असते, आणि म्हणून गावातील वाटपाचे काम हे स्वभावतः विजेच्या गाडीचे काम आहे, असे म्हणावयास मला काही शंका वाटत नाही.

आता पैशांचे पाहू. भरल्या ओझ्याने आणि पेठेतल्या चालीने पेट्रोलची गाडी लिटरला २२ किलोमीटर आणि सीएनजीची किलोला २८ किलोमीटर देते असे धरले, पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये मानले, तर ५६ किलोमीटरांना पेट्रोलचे सुमारे २६५ आणि सीएनजीचे १८० रुपये होतात. विजेच्या गाडीला एवढ्या अंतरासाठी बॅटरीतून साडेपाच-सहा युनिट लागतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर साडेसहा युनिट फिरतात, आणि युनिटला दहा रुपये मानले तर खर्च ६५ रुपये येतो. म्हणजे सीएनजीच्या मानाने रोज ११५ आणि पेट्रोलच्या मानाने २०० रुपयांची बचत. वर्षाचे ३०० दिवस काम चालले तर ही बचत अनुक्रमे ३४,५०० आणि ६०,००० रुपयांची होते, आणि ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच यांचा खर्च टळतो त्याचे आठ हजार धरले तर ४२,५०० आणि ६८,०००. दुसऱ्या पारड्यात गाडीची किंमत आहे. पेट्रोलची गाडी अडीच लाखांच्या थोडी वर, सीएनजीची पावणेतीन लाखांच्या आसपास आणि त्याच ताकदीची विजेची गाडी चार लाखांच्या आत-बाहेर, असा अंदाज धरला आणि जास्तीच्या रकमेवरचे तीन-चार वर्षांचे व्याज त्यात मिळविले, तर सीएनजीच्या तुलनेत सुमारे दीड लाख आणि पेट्रोलच्या तुलनेत एक लाख सत्तर हजार रुपये अधिक गुंततात. बचतीने ते भरून निघण्यास पेट्रोलच्या तुलनेत अडीच वर्षे पुरतात. सीएनजीच्या तुलनेत मात्र साडेतीन वर्षे लागतात.

हे आकडे शहरागणिक आणि महिन्यागणिक हलतील, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते सहसा पालटणार नाही. पेट्रोलच्या गाडीसमोर विजेची गाडी निःसंशय जिंकते, आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर चालणाऱ्या पेढीने नवी पेट्रोलची तीनचाकी घेणे हा आता निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. खरा सामना सीएनजीशी आहे, आणि तो अटीतटीचा आहे. तीन वर्षांच्या किंवा ठरावीक किलोमीटरांच्या हमीनंतर बॅटरी आपल्या जबाबदारीवर राहते, आणि भरपाईची घटका त्याच सुमारास येते, हे सीएनजीच्या पक्षपात्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्यांच्या हिशेबात एक रकाना मात्र नेहमी राहून जातो, तो पंपावरील रांगेचा. जो पंप गॅसच्या वाहिनीवर नसतो त्याला मुख्य केंद्रावर भरलेल्या सिलिंडरांचा ट्रक येतो, आणि त्या सिलिंडरांतला दाब जसजसा उतरतो तसतशी गाडीची टाकी भरण्याची गती मंदावते आणि ती पूर्ण भरतही नाही. गाडीतल्या टाकीला २०० बारच्या आसपास दाब हवा असतो; ट्रकमधील दाब त्याच्या खाली आला की पाऊण टाकीवर समाधान मानून निघावे लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. चालक आणि हमाल दोघांचा रोज चालू असताना गेलेला हा तास कोणाच्याही इंधनखर्चात दिसत नाही, पण पेढीच्या खर्चात तो असतोच. त्याखेरीज टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि त्या दिवशी गाडी बंद राहते.

विजेच्या गाडीचे विक्रेते जे लाभ सांगतात त्यांतील काही मालवाहतुकीला लागूच होत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने बॅटरीवरील वाहनांना परमिटच्या अटीतून मुक्त केले, ही सवलत आग्रहाने पुढे केली जाते. प्रवासी रिक्षाच्या बाबतीत ती मोलाची आहे. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये ज्या मालवाहू वाहनाचे ओझ्यासह एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नाही त्याला परमिट मुळातच लागत नाही, आणि भरलेली तीनचाकी एक टनाच्या आसपासची असते. जे बंधन सीएनजीच्या गाडीवरही नाही त्यातून सुटका झाल्याचा आनंद मानण्याचे कारण नाही. स्वस्ताईच्या मोहाने कोणी ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेची ई-कार्ट पाहू लागला तर त्यानेही सावध असावे. तिची कायदेशीर भारमर्यादा ३१० किलो आहे, आणि साखरेची नऊ पोती वाहणाऱ्या पेढीच्या ती उपयोगाची नाही.

पल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदीतील बहुतेक पश्चात्ताप येथूनच उद्भवतात. प्रमाणित पल्ला १२० किलोमीटर लिहिलेली गाडी भरल्या मालाने पेठेत ८० किलोमीटर चालली तर ती उत्तम चालली असे समजावे. चौथ्या वर्षी बॅटरीची धारणा अंदाजे ऐंशी टक्क्यांवर आली की तोच पल्ला ६४ वर येतो. आपल्या पेढीची फेरी ५६ किलोमीटरांची आहे. म्हणजे चौथ्या वर्षी जेमतेम आठ किलोमीटरांची सवड उरते, आणि दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात चौथी खेप करावी लागली की गाडी वाटेत उभी राहते. म्हणून गाडी पहिल्या वर्षाच्या पल्ल्यावर न घेता चौथ्या वर्षाच्या पल्ल्यावर घ्यावी, आणि सात-आठ युनिटांची बॅटरी अपुरी वाटत असेल तर दहा-बारा युनिटांची पाहावी किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी तासभर चार्जिंग होईल अशी तजवीज पेढीवर करावी. दुसरा उपाय अधिक किफायतीचा आहे, कारण मोठी बॅटरी म्हणजे पुन्हा मोठे कर्ज.

बॅटरी अचानक मरते ही समजूत बरीचशी निराधार आहे. ती हळूहळू खालावते आणि खालावताना खुणा देते, मात्र त्या टिपून ठेवणारा कोणी हवा. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, तीच फेरी तेवढ्याच मालाने करून, संध्याकाळी किती टक्के शिल्लक राहिले याची नोंद वहीत करावी. शिल्लक वर्षाकाठी चार-पाच टक्क्यांनी उतरत गेली तर ते वयोमान समजावे. पण काटा वीस टक्क्यांपर्यंत नीट येऊन तेथून एकाएकी पाचावर कोसळत असेल, तर बॅटरीतील सेल एकमेकांच्या बरोबरीने भरत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. काही दिवस रात्रभर पूर्ण चार्ज होऊ दिल्याने हा दोष पुष्कळदा सुधारतो, आणि न सुधारल्यास हमीची मुदत संपण्यापूर्वी ही वहीच दावा मांडावयास उपयोगी पडते. अतिभाराची खूण निराळी आहे. साडेपाचशे किलोंच्या गाडीवर नऊशे किलो चढविण्याची आपल्याकडील रीत इंजिनाची गाडी कुरकुरत सोसते आणि त्याची किंमत क्लचच्या बिलात वसूल करते; विजेच्या गाडीत कंट्रोलर तापतो, मोटरला मिळणारी शक्ती तो स्वतःच कमी करतो, आणि रेल्वे पुलाच्या चढावर गाडी बैलगाडीच्या चालीने जाऊ लागते. मे महिन्यातल्या दुपारी हा अनुभव आला की गाडी निकृष्ट निघाली असा समज होतो, वस्तुतः यंत्र आपला बचाव करीत असते.

चार्जिंगची जागा हा विषय किरकोळ वाटतो, परंतु तो तसा नाही. तीन किलोवॉटचा चार्जर सलग तीन-चार तास सुमारे १३ ॲम्पिअर ओढतो. जुन्या वाड्यातील वायरिंग, ढिला सॉकेट आणि वाढीव बोर्ड यांना हा भार सोसत नाही, आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावला असता तो कढत लागला किंवा पिना काळवंडलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी वायरमनला बोलावणे इष्ट. अर्थिंग नसेल तर पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वीजदराचाही येथे विचार हवा. महिन्याला १७० युनिट घरगुती मीटरवर वाढली की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि दहा रुपयांचे युनिट बघता बघता महाग होते. महावितरणच्या दरपत्रकात वाहन-चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिची चौकशी गाडी नोंदविण्यापूर्वी करावी. सांगलीसारख्या कृष्णाकाठच्या शहरात आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराचे पाणी या शहरात शिरले होते. बुडालेले इंजिन उघडून, वाळवून, तेल बदलून पुन्हा चालू करता येते. बॅटरीच्या पेटीत पाणी गेले तर ती बहुधा कायमची गेली, आणि पेटी जलरोधक असली तरी ती दिवसेंदिवस पाण्याखाली राहावी अशा हेतूने केलेली नसते. पाण्याची पातळी वाढत असल्याची वार्ता येताच माल हलविण्याच्या आधी गाडी उंच भागात नेऊन ठेवणे हा येथील पेढ्यांचा नियम असला पाहिजे.

येथवर जो हिशेब केला तो पेढीच्या मालकीच्या गाडीचा. परंतु गणपती पेठेतील, किंबहुना कोणत्याही पेठेतील, निम्म्याहून अधिक माल नाक्यावरच्या भाड्याच्या गाड्या वाहतात असे पाहणाऱ्यास सहज दिसते, आणि त्या गाड्यांचा मालक स्वतःच चालक असतो. त्याची फेरी ठरलेली नसते. एखाद्या दिवशी त्याला दोनच भाडी मिळतात आणि गाडी पंचवीस किलोमीटर फिरते. दुसऱ्या दिवशी कोणाचा संसार दूरच्या गावी पोहोचवावा लागतो आणि जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात. सरासरी रोज तीस किलोमीटर धरली तर सीएनजीच्या मानाने त्याची वार्षिक बचत, दुरुस्तीची सूट धरूनही, तेवीस-चोवीस हजारांच्या वर जात नाही, आणि दीड लाख भरून निघण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. ज्या दिवशी अंतर मोठे असते, म्हणजे बचतही मोठी झाली असती, नेमक्या त्याच दिवशी पल्ल्याच्या भीतीने त्याला भाडे नाकारावे लागते. आणि ज्या दिवशी काम नसते त्या दिवशी सीएनजीची गाडी त्याच्याकडून इंधनासाठी काही मागत नाही, पण बॅटरीचा हप्ता मात्र तारखेला द्यावाच लागतो.

त्यात सावकारीची बाजू त्याच्या विरुद्ध आहे. जुन्या सीएनजी तीनचाकीला बाजार आहे. आठ वर्षांची गाडी कोणत्या किमतीला जाईल हे फायनान्सवाल्याला ठाऊक असते, म्हणून तो तारणावर विश्वास ठेवतो. जुन्या विजेच्या गाडीची किंमत बॅटरीच्या उरलेल्या आयुष्यावर ठरते, आणि ते किती उरले हे प्रमाणित करून सांगणारी सर्वमान्य व्यवस्था बाजारात रुजलेली नाही. सबब कर्जाची मुदत आखूड आणि व्याज चढे राहते. पगारदार जामीन आणू शकणाऱ्या पेढीला हे ओझे जाणवत नाही, नाक्यावरच्या माणसाला ते पहिल्या महिन्यापासून जाणवते. सरकारी साहाय्याचा ओघ खरेदीच्या किमतीकडे होता. फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत, तीनचाकीच्या बॅटरीवर दर किलोवॉट-तासामागे १०,००० रुपये मिळत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ते आरंभी ५,००० होते. या अनुदानाने किंमत उतरली हे मान्य करूनही माझे मत असे की त्याने प्रश्नाच्या वर्माला हात घातला नाही. किमतीचा काही भाग सरकारने उचलला तरी काम न मिळण्याची जोखीम होती तेथेच, चालकाच्या शिरावर, राहिली.

ही जोखीम उचलण्यास समर्थ असा पक्ष पेठेतच आहे, आणि तो म्हणजे पेढी. रोजच्या खेपा निश्चित असल्याचे ज्ञान तिलाच असते. हप्ता फिटेल की नाही हे ठरविणारी माहिती तिच्याच वहीत असते. तेव्हा पेढीने स्वतः गाडी घ्यावी हा एक मार्ग, आणि ज्यांना चालक, विमा, दुरुस्ती यांची उठाठेव नको त्यांनी नाक्यावरच्या एखाद्या भरवशाच्या चालकाशी निदान तीन वर्षांचा लेखी ठराव करावा हा दुसरा. त्या ठरावात महिन्याला किमान किती किलोमीटरांचे भाडे, काम असो वा नसो, द्यावयाचे हे नमूद असावे. वरील आकडेमोडीवरून ती किमान मर्यादा महिना १,२०० किलोमीटरांच्या खाली नसावी, कारण त्याहून कमी कामात सीएनजीशी बरोबरी साधण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. पेढीच्या आवारातील सॉकेट दुपारी एक तास चालकाला खुला राहावा आणि त्या विजेचा आकार भाड्यातून वळता करावा. गाडीवर कमाल भार किती चढवावयाचा तो आकडा लिहावा, आणि त्यावर चढविलेल्या ओझ्याने हमी रद्द झाल्यास नुकसानीचा वाटा पेढीने उचलावा. फेरीअखेर शिल्लक राहिलेल्या टक्क्यांची साप्ताहिक नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. असा दस्तऐवज चालकाच्या हाती असेल तर फायनान्सवाल्यापुढे ठेवावयास त्याच्याजवळ गाडीखेरीज उत्पन्नाचेही तारण राहील, आणि कर्जाची मुदत वाढवून मागण्याचा त्याचा आग्रह हिशेबाच्या आधारावर उभा राहील. ज्याला असा ठराव मिळत नाही, त्याने आज सीएनजीची गाडी घेतली तर त्यात त्याची काही चूक आहे असे मला वाटत नाही.